लेखी कैफियतीत वजावट मागावी की प्रतिदावा? पैशाच्या एका दाव्याच्या आधारे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पैसे वसुलीच्या दाव्यात प्रतिवादीचेही वादीकडे काही येणे असेल, तर ते लेखी कैफियतीत कोणत्या स्वरूपात मांडायचे हा प्रश्न नेहमी येतो. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ८ नियम ६ वजावटीबद्दल, म्हणजे ज्याला वकील मंडळी सर्रास सेट-ऑफ म्हणतात त्याबद्दल आहे. नियम ६-अ ते ६-ग प्रतिदाव्याबद्दल आहेत आणि ते १९७६ च्या दुरुस्तीने संहितेत आले. दोन्हींमधील फरक नुसत्या व्याख्या पाठ करून हाताशी येत नाही. म्हणून खालील सर्व उत्तरे एकाच कल्पित दाव्यावर आधारलेली आहेत.

उदाहरणातील दावा नेमका काय आहे?

इचलकरंजीतील एका सूत व्यापाऱ्याने एका यंत्रमागधारकाविरुद्ध २,८०,००० रुपयांच्या वसुलीचा दावा लावला आहे. १० ऑगस्ट २०२२ रोजी दिलेल्या सुताची ही किंमत आहे, उधारीची मुदत ठरलेली नव्हती आणि दावा ४ ऑगस्ट २०२५ रोजी, म्हणजे तीन वर्षांची मुदत संपायला काही दिवस उरले असताना, दाखल झाला. समन्स २० ऑगस्ट २०२५ रोजी बजावले गेले. उदाहरण सोपे राहावे म्हणून व्याज बाजूला ठेवले आहे, आणि दोन्ही बाजूंच्या मागण्या तीन लाखांच्या आत ठेवल्या आहेत, कारण त्यापुढे व्यापारी व्यवहाराचा वाद वाणिज्य न्यायालयांच्या कायद्याखाली जाऊ शकतो आणि तेथील शिस्त वेगळी आहे.

यंत्रमागधारक वकिलाकडे आला तेव्हा त्याने चार गोष्टी सांगितल्या. पहिली, ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याने ४०,००० रुपये रोख दिले होते आणि त्याची पावती त्याच्याकडे आहे, पण वादीच्या खातेउताऱ्यात ती रक्कम जमा दाखवलेली नाही. दुसरी, त्याने वादीला हातउसने ९०,००० रुपये धनादेशाने दिले होते. तो धनादेश २० सप्टेंबर २०२२ रोजी वटला आणि पैसे परत आले नाहीत. तिसरी, दावा ज्या सुताबद्दल आहे त्यातील काही माल ठरलेल्या काउंटचा नव्हता. चौथी, फेब्रुवारी २०२४ मध्ये वादीने ४,५०० किलो सूत देण्याचा वेगळा करार केला आणि माल दिलाच नाही, त्यामुळे त्याला किलोमागे ४० रुपये जास्त देऊन बाजारातून सूत घ्यावे लागले. हे नुकसान त्याच्या हिशेबाने १,८०,००० रुपये होते.

पक्षकाराच्या दृष्टीने हे सगळे एकच आहे: «माझेही त्याच्याकडे निघते.» कायद्याच्या दृष्टीने मात्र या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि कैफियत लिहिणाऱ्याचे पहिले काम त्या एकमेकींपासून सोडवणे हे आहे.

आधी दिलेले ४०,००० रुपये ही वजावट होते का?

नाही. दावा दाखल होण्यापूर्वी त्याच देण्यापोटी भरलेली रक्कम म्हणजे भरणा. तो सिद्ध झाला तर वादीचे येणे मुळातच २,४०,००० रुपये होते असे ठरते. वजावटीत प्रतिवादी वादीचे येणे गृहीत धरून त्याच्यासमोर स्वतःचे दुसरे, स्वतंत्र येणे उभे करतो. भरण्यात तो वादीचे तेवढे येणेच नाकारतो. म्हणून भरण्याचा बचाव साध्या कैफियतीत घेता येतो आणि त्यावर कोर्ट फी लागत नाही. कैफियतीत या रकमेपुढे «वजावट» हा शब्द लिहिल्यामुळे अनावश्यक स्टॅम्पचा वाद ओढवून घेतल्याची उदाहरणे दिसतात, आणि तो वाद टाळणे पूर्णपणे लिहिणाऱ्याच्या हातात असते.

हातउसने दिलेले ९०,००० रुपये वजावटीत का बसतात?

नियम ६ च्या अटी एकेक करून या रकमेला लावून पाहाव्यात. दावा पैशाच्या वसुलीचा असला पाहिजे. तो तसा आहे. प्रतिवादीची रक्कम निश्चित असली पाहिजे. धनादेशाचा आकडा निश्चित आहे आणि तो ठरवण्यासाठी न्यायालयाला कोणताही अंदाज बांधावा लागत नाही. ती कायद्याने वसूल करता येण्याजोगी असली पाहिजे, म्हणजे मुदतबाह्य नसावी. ती न्यायालयाच्या आर्थिक अधिकारक्षेत्रात असली पाहिजे. आणि दोन्ही पक्ष वादीच्या दाव्यात ज्या नात्याने उभे आहेत त्याच नात्याने या देण्याघेण्यातही असले पाहिजेत.

हे देणे सूतखरेदीच्या व्यवहारातून निर्माण झालेले नाही, तरी त्याने काही बिघडत नाही. नियम ६ खालील वजावटीला दोन्ही येणी एकाच व्यवहारातील असण्याची गरज नसते. नियमाखालच्या दृष्टांतांपैकी एकात वादीचा ५०० रुपयांचा हुंडीवरील दावा आहे आणि प्रतिवादीकडे वादीविरुद्ध १,००० रुपयांचा आधीच झालेला निवाडा आहे. दोन्ही मागण्या निश्चित पैशाच्या असल्यामुळे वजावट चालते असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. पाहायचे आहे ते रकमेचे निश्चित असणे.

मग हेच ९०,००० रुपये प्रतिदाव्यातही मागता येतील ना? फरक काय पडतो?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण येथे चुकीचा शब्द निवडल्यामुळे खरे येणे कायमचे बुडू शकते.

प्रतिदाव्याची व्याप्ती मोठी आहे आणि निश्चित रकमेची मागणीही त्यात बसते. पण मुदत अधिनियम, १९६३ चे कलम ३(२)(ब) पाहिले पाहिजे. त्यानुसार वजावट आणि प्रतिदावा हे दोन्ही स्वतंत्र दावे मानले जातात, परंतु ते दाखल झाल्याच्या तारखा वेगळ्या धरल्या जातात. वजावट ज्या दाव्यात मांडली तो दावा ज्या दिवशी दाखल झाला त्याच दिवशी ती दाखल झाली असे मानतात. प्रतिदावा मात्र तो न्यायालयात प्रत्यक्ष ज्या दिवशी केला त्या दिवशीचा धरतात.

आता आपल्या तारखा लावून पाहू. धनादेशाने दिलेल्या कर्जाची मुदत धनादेश वटल्यापासून तीन वर्षे असते, म्हणून ९०,००० रुपयांची मुदत २० सप्टेंबर २०२५ रोजी संपली. समजा कैफियत १३ ऑक्टोबर २०२५ रोजी दाखल झाली. समन्स बजावल्यापासूनचे तीस दिवस १९ सप्टेंबरला संपले होते, पण नव्वद दिवसांच्या आतला हा दिवस असल्याने न्यायालयाने कारणे नोंदवून कैफियत घेतली. या कैफियतीत ९०,००० रुपये वजावट म्हणून मागितले असतील, तर ती मागणी ४ ऑगस्ट २०२५ ची मानली जाते आणि मुदतीत बसते. तेच पैसे प्रतिदावा म्हणून मागितले असतील, तर मागणी १३ ऑक्टोबरची ठरते आणि तेवीस दिवसांनी मुदतबाह्य होते.

रक्कम तीच, पुरावा तोच, पक्षकारही तेच असतात, आणि फक्त कोणत्या नियमाखाली मागितले यावर निकाल फिरतो. कैफियत दाखल करायला मिळालेली मुदतवाढ प्रतिदाव्याची मुदत वाढवत नाही, ही गोष्ट कैफियतीच्या घाईत हमखास नजरेआड होते. म्हणून प्रतिवादीच्या प्रत्येक रकमेसमोर दोन तारखा लिहून ठेवण्याची सवय मी आग्रहाने सुचवतो: वादीने दावा दाखल केल्याची तारीख आणि आपण कैफियत दाखल करणार ती तारीख. मुदत या दोन तारखांच्या मध्ये संपत असेल, तर वजावट हाच मार्ग उरतो.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. जे येणे दावा दाखल होण्याच्या दिवशीच मुदतबाह्य झाले होते, त्याला नियम ६ ची वजावट वाचवू शकत नाही.

न दिलेल्या सुताचे नुकसान आकडेमोड करून काढता येते. मग तीही निश्चित रक्कम का नाही?

४,५०० किलोला ४० रुपयांनी गुणले की १,८०,००० येतात, हे खरे. तरीही ही रक्कम नियम ६ च्या अर्थाने निश्चित नाही, कारण गुणाकार करता येणे म्हणजे देणे ठरलेले असणे नव्हे. करारभंग झाला की नाही, झाला तर कोणत्या दिवशी, त्या दिवशी बाजारभाव काय होता, आणि प्रतिवादीने नुकसान कमी ठेवण्यासाठी वाजवी प्रयत्न केले की नाही, हे सर्व भारतीय करार कायद्याच्या कलम ७३ खाली न्यायालयाने ठरवायचे असते. तोपर्यंत प्रतिवादीकडे असतो तो नुकसानभरपाई मागण्याचा हक्क. त्याला ऋण म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ च्या रामन आयर्न फाउंड्री प्रकरणात हाच विचार स्पष्टपणे मांडला होता. नियम ६ खालील एका दृष्टांतातही हीच स्थिती आहे: वादीने प्रतिवादीच्या मालाचा विमा उतरवण्यात कसूर केली म्हणून मागितलेली भरपाई निश्चित नसल्यामुळे वजावटीत घेता येत नाही.

ही मागणी म्हणून नियम ६-अ खाली प्रतिदाव्यातच जाते. तो नियम नुकसानभरपाईची मागणी असो वा नसो, असे शब्दच वापरतो. हा करार वादीच्या दाव्यातील व्यवहाराहून वेगळा आहे हाही अडथळा नाही. प्रतिदावा वेगळ्या कारणावर आधारलेला असू शकतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये जगमोहन चावला प्रकरणात मान्य केले आहे. दाव्याचे कारण कैफियत देण्यापूर्वी, किंवा कैफियत देण्याची मुदत संपण्यापूर्वी, निर्माण झालेले असले म्हणजे पुरे. येथे करारभंग २०२४ चा आहे, त्यामुळे १३ ऑक्टोबर २०२५ रोजी केलेला प्रतिदावा तीन वर्षांच्या मुदतीत सहज बसतो.

सदोष सुताबद्दलची तक्रार या दोन्हींपैकी कशात मोडते?

बहुतेक वेळा कशातच नाही, आणि हे लक्षात न आल्यामुळे चांगला बचाव कमकुवत होतो. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ५९ नुसार विक्रेत्याने मालाच्या गुणवत्तेबद्दलची हमी मोडली असेल, तर खरेदीदार ती गोष्ट किंमत कमी करण्यासाठी किंवा पूर्ण नाहीशी करण्यासाठी विक्रेत्याविरुद्ध बचाव म्हणून मांडू शकतो. यंत्रमागधारकाने सूत स्वीकारून त्याचे कापड विणले आहे, त्यामुळे माल नाकारण्याची वेळ गेली. परंतु या मालाची वाजवी किंमत बिलाइतकी नव्हती असे तो म्हणू शकतो. समजा त्याने यापोटी ३०,००० रुपये कमी करून मागितले.

याखेरीज न्यायिक वजावट, म्हणजे इक्विटेबल सेट-ऑफ, हाही मार्ग न्यायालये मान्य करतात. त्यात रक्कम निश्चित नसली तरी चालते, पण दोन्ही मागण्या एकाच व्यवहारातून किंवा इतक्या निगडित व्यवहारांतून आलेल्या असाव्या लागतात की एकीचा निकाल दुसरीशिवाय देणे अन्यायाचे होईल. आदेश २० नियम १९ मध्ये वजावट आदेश ८ नियम ६ खाली असो वा अन्यथा, अशा अर्थाची भाषा आहे, त्यावरून संहितेलाही ती परकी नाही हे दिसते. फरक एवढाच की नियम ६ ची वजावट अटी पुऱ्या झाल्या की हक्काने मिळते, तर न्यायिक वजावट न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असते. फेब्रुवारी २०२४ चा वेगळा करार तिच्यात ओढून आणण्याचा प्रयत्न करू नये. त्याचा २०२२ च्या सुताशी संबंध नाही.

दोन्ही पक्ष «त्याच नात्याने» असणे म्हणजे काय?

वादी आपल्या एकट्याच्या मालकीच्या पेढीचा दावा चालवत आहे आणि प्रतिवादी स्वतःच्या कारखान्याचा मालक म्हणून उभा आहे. ९०,००० रुपये प्रतिवादीच्या स्वतःच्या खात्यातून वादीच्या स्वतःच्या खात्यात गेले असतील तर अट पुरी होते. हाच धनादेश वादीच्या मुलाच्या नावे असता, किंवा पैसे प्रतिवादी आणि त्याचा भाऊ यांच्या भागीदारी पेढीच्या खात्यातून गेले असते, तर वजावट टिकली नसती. घरगुती धंद्यांत खाती इतकी मिसळलेली असतात की पक्षकाराला हा भेद महत्त्वाचा वाटत नाही. म्हणून कैफियत लिहिण्यापूर्वी बँकेचा उतारा प्रत्यक्ष पाहावा, तोंडी सांगण्यावर विसंबू नये.

कैफियतीत हे कसे लिहावे, आणि कोर्ट फी किती लागते?

आधी वादपत्राला परिच्छेदवार उत्तर, त्यात भरणा आणि मालातील दोष. त्यानंतर «आदेश ८ नियम ६ अन्वये वजावट» असे स्वतंत्र शीर्षक. आणि शेवटी «आदेश ८ नियम ६-अ अन्वये प्रतिदावा» असे दुसरे शीर्षक, अशी मांडणी असावी. प्रतिदाव्याच्या आधाराची कारणे प्रतिदावा म्हणूनच मांडत आहोत हे नियम ६-ब नुसार नेमके सांगावे लागते. त्यामुळे «वादीने माझे नुकसान केले असून तो ते देणे लागतो» असे एखादे वाक्य बचावाच्या मध्येच टाकणे पुरेसे नाही.

वजावटीचा परिच्छेद असा लिहिता येईल: «प्रतिवादीने वादीस दिलेले व दिनांक २०/०९/२०२२ रोजी धनादेशाद्वारे अदा झालेले हातउसने कर्ज रुपये ९०,००० हे वादीकडून प्रतिवादीस येणे असून सदर निश्चित रक्कम वादीच्या मागणीतून वजा करून मिळावी.» प्रतिदाव्यात मात्र वादपत्रात असते ते सर्व लागते: कराराची हकिकत, दाव्यास कारण केव्हा घडले, अधिकारक्षेत्र, मुदत, मूल्यांकन, स्वतंत्र विनंती कलम आणि सत्यापन. प्रतिदाव्याला वादपत्राचे नियम लागू होतात, हे नियम ६-अ(४) स्पष्ट सांगतो.

महाराष्ट्रात कोर्ट फी अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत वजावट किंवा प्रतिदावा मांडणारी लेखी कैफियत वादपत्राबरोबरच धरलेली आहे, म्हणून दोन्ही रकमांवर मूल्यानुसार फी भरावी लागते. येथे ती ९०,००० आणि १,८०,००० रुपयांवर लागेल. भरणा आणि किंमत कमी करण्याचा बचाव यांवर नाही. वजावट आणि प्रतिदावा दोन्हींना न्यायालयाच्या आर्थिक अधिकारक्षेत्राची मर्यादाही लागू असते.

वजावटीची रक्कम वादीच्या मागणीपेक्षा जास्त असेल तर?

वजावट ही केवळ ढाल आहे, जास्तीची रक्कम तिच्यातून कधीच मिळत नाही, असे अनेकदा शिकवले जाते. संहितेचे शब्द इतके आखूड नाहीत. वर दिलेल्या दृष्टांतात ५०० समोर १,००० ची रक्कम आहे, आणि नियम ६-फ वजावट किंवा प्रतिदावा सिद्ध झाल्यावर ज्या पक्षाला शिल्लक येणे निघेल त्याच्या बाजूने निर्णय देण्याची मुभा देतो. तरीही जास्तीच्या रकमेबद्दल शंका ठेवू नये. मुदत शिल्लक असेल तर वादीच्या मागणीइतकी वजावट आणि वरच्या रकमेचा प्रतिदावा, अशी विनंती स्पष्ट करावी.

कैफियत दिल्यानंतर प्रतिदावा आणता येतो का?

कारण वेळेत घडलेले असेल, तर केवळ कैफियत आधी दाखल झाली म्हणून प्रतिदावा फेटाळला जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये महेंद्र कुमार प्रकरणात म्हटले. पण हे दार कायम उघडे नाही. अशोक कुमार कालरा प्रकरणात २०१९ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की, उशिरा आलेला प्रतिदावा घेणे हा न्यायालयाच्या विवेकाचा भाग आहे आणि वादमुद्दे निघाल्यानंतर तो सामान्यतः घेऊ नये. वजावटीची शिस्त अधिक कडक आहे: नियम ६ नुसार ती पहिल्या सुनावणीला मांडायची असते, नंतर केवळ न्यायालयाच्या परवानगीने. शिवाय उशिरा आणलेल्या प्रतिदाव्याची मुदत उशिराच्या तारखेवरूनच मोजली जाते.

वादीने दावा काढून घेतला तर, आणि वादीने उत्तर दिले नाही तर काय होते?

वादीने दावा मागे घेतला, तो स्थगित झाला किंवा फेटाळला गेला, तरी नियम ६-ड प्रमाणे प्रतिदावा पुढे चालवता येतो. या नियमात प्रतिदाव्याचाच उल्लेख आहे. वजावट ही वादीच्या मागणीतून वजा करण्याची मागणी असल्यामुळे मागणीच उरली नाही तर अशा स्पष्ट तरतुदीचा आधार तिला मिळत नाही. मुदत शिल्लक असलेल्या येण्याबद्दल प्रतिदाव्याकडे झुकण्याचे हे एक चांगले कारण आहे.

वादीच्या वकिलांसाठीही येथे सावधगिरीची गोष्ट आहे. प्रतिदाव्याला लेखी कैफियत दिली नाही, तर नियम ६-ई खाली न्यायालय वादीविरुद्ध निर्णय देऊ शकते. कैफियतीला प्रत्युत्तर देणे ऐच्छिक आहे या सवयीने प्रतिदाव्याकडेही दुर्लक्ष होते. आपल्या उदाहरणात वादी आणखी एक करू शकतो: वेगळ्या कराराचा हा वाद स्वतंत्र दाव्यात चालावा असा अर्ज वादमुद्दे निघण्यापूर्वी नियम ६-क खाली देऊ शकतो.

शेवटी हुकूमनामा कसा निघेल?

समजा पुराव्यानंतर न्यायालयाने भरण्याची पावती खरी मानली, मालातील दोषाबद्दल २५,००० रुपये कमी केले, ९०,००० रुपयांचे कर्ज सिद्ध धरले, आणि करारभंगाच्या दिवशी भावातला फरक किलोमागे ४० नव्हे तर ३० रुपये होता असे ठरवले. वादीची मूळ मागणी २,८०,००० रुपयांची होती. भरणा धरून ती २,४०,००० आणि किंमत कमी झाल्यावर २,१५,००० होते. वजावटीनंतर वादीचे १,२५,००० रुपये उरतात. प्रतिदाव्यात प्रतिवादीला ४,५०० किलोचे ३० रुपयांप्रमाणे १,३५,००० रुपये मिळतात. आदेश २० नियम १९ नुसार हुकूमनाम्यात दोन्ही पक्षांचे येणे नमूद होऊन शेवटी वादीने प्रतिवादीला १०,००० रुपये द्यावेत असा आदेश निघेल.

हीच कैफियत ९०,००० रुपये प्रतिदाव्याच्या शीर्षकाखाली टाकून लिहिली गेली असती आणि ती रक्कम मुदतबाह्य ठरली असती, तर याच पुराव्यावर प्रतिवादीलाच ८०,००० रुपये वादीला द्यावे लागले असते.